‘ऐवजी असे वाचावे’

जुन्या मराठी ग्रंथांच्या अखेरीस शुद्धिपत्र नावाचे एक पान असे, आणि त्यावर ‘अशुद्ध’ व ‘शुद्ध’ अशा दोन शिरोलेखांखाली पृष्ठ आणि ओळ यांचा निर्देश करून ग्रंथकर्ता वाचकाला विनंती करी की, अमुक ठिकाणी अमुक छापले गेले आहे, त्याऐवजी अमुक असे वाचावे. चरित्रग्रंथात किंवा काव्यसंग्रहात या विनंतीने काम भागते, कारण तिथे चूक वाचकाच्या मनात शिरलेली असते आणि मनातली चूक मनातल्या मनातच पुसता येते. यंत्राच्या माहितीपुस्तकाची गोष्ट मात्र निराळी आहे. तिथे वाचक पान वाचून मिटवीत नाही. तो पान वाचतो, पाना उचलतो आणि छापलेल्या आकड्याइतका बोल्ट आवळून मोकळा होतो. शुद्धिपत्र त्याच्या हाती पडेपर्यंत चूक कागदावरून उतरून लोखंडात गेलेली असते, आणि लोखंडाला ‘असे वाचावे’ म्हणून काहीच उपयोग होत नाही. या एका फरकामुळे यंत्राच्या पुस्तकाचे शुद्धिपत्र लिहिणे ही स्वतंत्र विद्या ठरते. ती मला एका चुकीच्या आकड्याने शिकविली, म्हणून त्या आकड्याची हकीकत येथे सविस्तर सांगतो.

लहान पेट्रोल इंजिने तयार करणाऱ्या एका कारखान्यात मराठी पुस्तिकांचा मजकूर पाहण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. ही इंजिने फवारणीच्या पंपांवर, कोळपणीच्या यंत्रांवर आणि शेतातल्या अशाच किरकोळ कामांवर बसवीत. इंजिन एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे, मिनिटाला सुमारे ३६०० फेरे घेणारे. म्हणजे एका सेकंदात दट्ट्या साठ वेळा वर जाऊन साठ वेळा खाली येणार. दट्ट्याला क्रँकशी जोडणारा दांडा, ज्याला सारे मिस्त्री कनेक्टिंग रॉड म्हणतात, तो या इंजिनात अॅल्युमिनियमचा होता, आणि त्याच्या खालच्या टोकाची टोपी सहा मिलिमीटर जाडीच्या दोन बोल्टांनी क्रँकभोवती कवळून धरलेली असे. हे दोन बोल्ट किती जोराने आवळावेत याचे माप पुस्तकाच्या मूळ इंग्रजी तक्त्यात ११ न्यूटन-मीटर होते. मराठी आवृत्तीत ते १९ छापले गेले.

ही चूक आम्हांला कोणत्याही तपासणीत सापडली नाही. ती तासगावकडच्या एका मिस्त्रीने आणून दिली. तो द्राक्षबागांच्या हंगामात फवारणीची यंत्रे दुरुस्त करी, आणि बऱ्याच मिस्त्रींच्या उलट त्याच्याजवळ टॉर्क-रेंच होता व पुस्तक उघडून त्यातले माप पाहण्याची त्याला सवय होती. कागदात गुंडाळलेले दोन तुटके बोल्ट आमच्या कचेरीतील टेबलावर ठेवून तो म्हणाला, “साहेब, पुस्तकात आहे तेवढंच आवळलं होतं. एक आवळतानाच तुटला. दुसरा इंजिन चार दिवस चालून तुटला, आणि रॉडनं क्रँककेस फोडली.” त्याने पुस्तकही आणले होते आणि त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. जो मनुष्य पुस्तकावर विश्वास ठेवतो त्याचाच घात पुस्तकातील चूक करते, आणि अंदाजाने पाना ओढणारा शेजारी मात्र सुखरूप राहतो, हे त्या क्षणी मला फार बोचले, आणि आजही बोचते.

१९ या आकड्याने नेमके काय केले हे समजण्यासाठी बोल्ट म्हणजे काय ते क्षणभर पाहिले पाहिजे. आवळलेला बोल्ट ही खिळ्यासारखी ठोकून बसविलेली निर्जीव काडी नव्हे. तो अत्यंत ताठ असा एक स्प्रिंग आहे. पाना फिरवला की बोल्ट सूक्ष्म प्रमाणात लांबतो, आणि पुन्हा आखूड होण्याच्या त्याच्या ओढीमुळे दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. आपल्याला हवा असतो तो हा ताण. परंतु बोल्टाच्या पोटातला ताण कारागिराला मोजता येत नाही म्हणून तो पान्यावरचा पीळ, म्हणजेच टॉर्क, मोजतो आणि त्यावरून ताणाचे अनुमान करतो. हे अनुमान किती पातळ आधारावर उभे असते ते ऐकून नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. पान्यावर लावलेल्या जोरापैकी सुमारे निम्मा जोर बोल्टाचे डोके ज्या पृष्ठावर घासते तिथे खर्ची पडतो, सुमारे चार दशांश आट्यांच्या घर्षणात जिरतो, आणि बोल्ट ताणण्याच्या मूळ कामासाठी जेमतेम एक दशांश उरतो. त्यामुळे आट्यांना तेल लावले की नाही या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने बोल्टातील ताण पाव-तिसऱ्या हिश्शाने बदलू शकतो.

आता आमचा आकडा या हिशेबात घालून पाहू. बोल्टाच्या डोक्यावर १०.९ अशी खूण होती. याचा अर्थ असा की, त्याचे पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे १००० न्यूटन ओढीला तुटते आणि तिच्या नऊ दशांश ओढीला कायमचे लांबते. सहा मिलिमीटरच्या बोल्टाचे आट्यांतले परिणामी क्षेत्र सुमारे २० चौरस मिलिमीटर. तेव्हा सुमारे १८ हजार न्यूटनपर्यंत तो स्प्रिंगप्रमाणे वागतो आणि २० हजारांच्या आसपास तुटतो. आटे तेलाने ओलसर ठेवून ११ न्यूटन-मीटरला आवळल्यास बोल्टात सुमारे १२ हजार न्यूटनांचा ताण येतो. त्याच्या शक्तीचा दोन तृतीयांश भाग वापरला जातो, बाकीचा राखीव राहतो, आणि हेच योजकाला अभिप्रेत होते. तेलाचे आटे ठेवून १९ ला आवळल्यास ताण २१ हजारांवर जातो, म्हणजे बोल्ट आवळता आवळताच तुटावा. पण आटे कोरडे असतील तर तेच १९ न्यूटन-मीटर घर्षणात अधिक खपून ताण १६ हजारांच्या जवळपास राहतो, आणि बोल्ट तुटत नाही. त्यावेळी एका मिस्त्रीचे बोल्ट तुटत होते आणि दुसऱ्याचे तुटत नव्हते, आणि त्यामुळे कित्येक दिवस आमच्या विक्रेत्यांनी या तक्रारी ‘बोल्टांचा माल खराब’ या सदरात नोंदविल्या, याचे कारण एवढेच की एकजण आटे तेलात बुडवीत होता आणि दुसरा फडक्याने पुसत होता.

सर्वांत घातक अवस्था या दोहोंच्या मधली. जो बोल्ट आवळतानाच तुटतो तो निदान आपली तक्रार तिथल्या तिथे सांगतो. जो १८ हजारांची मर्यादा ओलांडून थोडा कायमचा लांबला आणि तरीही तुटला नाही, तो पान्याखाली किंचित मऊ लागतो, परंतु दिसायला ठीक दिसतो. इंजिन सुरू झाल्यावर सेकंदाला साठ हिसके सोसण्यासाठी लागणारा राखीव साठा त्याच्यापाशी उरलेला नसतो. दुसरा बोल्ट चार दिवसांनी तुटला तो असा. आणि हातातल्या जाणिवेने हे ओळखावे म्हटले तर पाव मीटर लांबीच्या पान्यावर ११ न्यूटन-मीटरसाठी सुमारे साडेचार किलोचा जोर लागतो आणि १९ साठी पावणेआठ किलोचा. तगड्या मनगटाला हा फरक सहज लक्षात येण्याजोगा नाही.

चूक शिरली कशी याचा शोध मी दप्तर उपसून घेतला. भाषांतरकाराच्या हस्तलिखितात आकडा बरोबर होता. मात्र त्याच्या हातचा देवनागरी एक वरच्या गाठीत इतका फुगीर आणि खालच्या शेपटीत इतका वळलेला होता की अक्षर जुळविणाऱ्याने तो नऊ वाचला. मुद्रिते तपासणाऱ्या गृहस्थांचा डोळा भाषेला फार तीक्ष्ण होता. ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. पण शब्दातली चूक अर्थाला टोचते म्हणून दिसते. आकड्याला असा टोचणारा अर्थ नसतो, १९ हाही ११ इतकाच सभ्य आकडा आहे. तो पकडण्याचा जुना शिरस्ता म्हणजे एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवून ऐकावे; तो त्या खेपेस पाळला गेला नव्हता. याहून अधिक दुःख मला दुसऱ्याच गोष्टीचे झाले. मूळ तक्त्यात न्यूटन-मीटरच्या शेजारी किलोग्रॅम-सेंटिमीटरचा दुसरा रकाना होता, त्यात ११ समोर ११२ लिहिलेले होते; आणि मराठी पान दाटीचे होते म्हणून तो रकाना मी स्वतः काढून टाकला होता. तो राहिला असता तर १९ समोर ११२ पाहून कोणताही जाणता मिस्त्री थबकला असता, कारण हा रकाना त्या रकान्याच्या सुमारे दसपट असतो हे त्याला पाठ असते.

आता शुद्धिपत्राकडे येतो. कचेरीत तयार झालेला पहिला मसुदा परंपरेला धरून होता: ‘पुस्तिकेच्या अमुक पृष्ठावर मुद्रणदोषामुळे कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांचे माप १९ असे छापले गेले आहे, त्याऐवजी ११ असे वाचावे व आपल्या इंजिनाचे बोल्ट ११ च्या मापाने तपासून घ्यावेत. तसदीबद्दल दिलगीर आहोत.’ भाषा निर्दोष होती, आणि मीच ती लिहिली होती. हा मसुदा मी जुळणी विभागातील वयस्क फिटरना वाचून दाखविला, तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, “तपासून घ्यावेत म्हणजे त्यानं करायचं काय?” मी म्हटले, रेंच ११ वर लावून बोल्टावर ओढून पाहायचे. ते म्हणाले, “अहो, एकोणीसला आवळलेल्या बोल्टावर अकराचा रेंच लावला तर बोल्ट जागचा हलायच्या आधीच रेंच टक् करील. माणूस म्हणेल, वाजला, माप बरोबर आहे. तुमचं पत्र वाचून तो निर्धास्त होईल, आणि इंजिन तसंच चालवील.”

त्यांच्या या वाक्याने माझे डोळे उघडले. टॉर्क-रेंच वाजतो तेव्हा तो एवढेच सांगतो की जोर ठरविलेल्या मापापर्यंत पोचला. बोल्ट आधीच त्याहून किती अधिक आवळलेला आहे हे तो सांगू शकत नाही. कमी आवळलेला बोल्ट या रीतीने सापडतो, कारण तो रेंच वाजण्यापूर्वी फिरतो. अधिक आवळलेला बोल्ट या परीक्षेत प्रत्येक वेळी उत्तीर्ण होतो. म्हणजे छापील चूक कमीच्या बाजूची असती तर माझा मसुदा कदाचित पुरला असता. जास्तीच्या बाजूची असल्यामुळे तो मूळ चुकीपेक्षाही वाईट ठरला असता, कारण चुकीवर त्याने तपासणीचा शिक्का मारला असता.

मी दुसरा पर्याय सुचविला: बोल्ट सैल करून पुन्हा ११ ला आवळावेत. फिटरांनी तोही नाकारला. एकदा मर्यादेबाहेर ताणलेला बोल्ट सैल केला तरी पूर्वीच्या लांबीवर येत नाही. कुठेतरी त्याची मान बारीक झालेली असते आणि आट्यांमधले अंतर वाढलेले असते. तो ११ चे माप निमूटपणे घेईल, परंतु नव्या बोल्टाचा भरवसा त्याच्यात नसेल. त्यांनी एका काढलेल्या बोल्टावर नवे नट बोटांनी फिरवून दाखविले. अर्ध्या वाटेपर्यंत ते सहज गेले आणि जिथे आटे ताणले होते तिथे अडकले. नव्या बोल्टाशेजारी काचेवर उभा करून पाहिला तर लांबीतला फरकही नखाला लागत होता. “पण नट अडकलं नाही म्हणून बोल्ट चांगला, असं मात्र लिहू नका,” असे त्यांनी बजाविले, “थोडा ताणलेला बोल्ट या परीक्षेतसुद्धा सुटतो.” तेव्हा निर्णय एकच उरला: छापील मापाने आवळलेला प्रत्येक बोल्ट, तो कसाही दिसो, काढून टाकावा आणि नवा बसवावा. अॅल्युमिनियमच्या रॉडमधील आटे उखडले असतील तर रॉडही बदलावा. हे ओळखण्याची खूण म्हणजे बोल्ट काढताना त्याच्या आट्यांत पांढऱ्या धातूचा कीस अडकून बाहेर येतो.

अखेर जी सूचना छापून गेली तिचा मजकूर असा होता:

“इंजिन सुरू करण्यापूर्वी वाचा. आमच्या मराठी माहितीपुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीत, पृष्ठ ४७ वर, तक्त्याच्या सहाव्या ओळीत आम्ही एक माप चुकीचे छापले आहे. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांचे खरे माप ११ न्यूटन-मीटर (अक्षरी अकरा), म्हणजेच ११२ किलोग्रॅम-सेंटिमीटर आहे. पुस्तिकेत १९ (अक्षरी एकोणीस) छापले आहे. त्या मापाने आवळल्यास बोल्ट तुटतो, किंवा ताणून पुढे चालू इंजिनात तुटतो. तुमचे इंजिन कारखान्यातून आल्यानंतर एकदाही उघडले नसेल, तर त्याचे बोल्ट बरोबर मापाने आवळलेले आहेत. काही करावयाचे नाही. ही पुस्तिका पाहून इंजिन उघडून जोडले असेल, तर ते चालवू नका. दोन्ही बोल्ट बदला. जुने बोल्ट रेंच लावून तपासू नका आणि सैल करून पुन्हा वापरू नका. दिसायला चांगले असले तरी टाकून द्या. जुन्या बोल्टाबरोबर पांढऱ्या धातूचा कीस निघाल्यास रॉडही बदला. नव्या बोल्टांच्या आट्यांना इंजिनाचे तेल लावून दोन्ही बोल्ट आलटून पालटून, आधी ६ ला व मग ११ ला आवळा. बोल्ट व लागल्यास रॉड विक्रेत्याकडे विनामूल्य मिळेल; पावती मागितली जाणार नाही. सोबतची चिठ्ठी पृष्ठ ४७ वरील तक्त्यावर चिकटवा.”

या मजकुरातील काही शब्दांसाठी मला कचेरीत बराच वाद घालावा लागला. ‘मुद्रणदोषामुळे छापले गेले आहे’ याऐवजी ‘आम्ही चुकीचे छापले आहे’ असे लिहिण्यास वरिष्ठांचा आक्षेप होता. माझे म्हणणे असे की, ज्या मिस्त्रीच्या हातून गिऱ्हाइकाचे इंजिन फुटले आणि ज्याने त्याबद्दल चार शब्द ऐकून घेतले, त्याच्या बाजूने पुरावा म्हणून दाखविता येईल असा कागद त्याला मिळाला पाहिजे, आणि ‘गेले आहे’ या क्रियापदाने तसा पुरावा होत नाही. आकडा अक्षरीही लिहिण्याची कल्पना हुंडीवरून आणि सावकारी दस्तऐवजावरून घेतली. पैशाच्या कागदावर आपले पूर्वज एकच रक्कम दोनदा लिहीत, ती अशाच फुगीर एकाच्या आणि वळलेल्या नऊच्या भीतीने. खरे माप आधी आणि चुकीचे मागून लिहिले, कारण घाईने वाचणाऱ्याच्या स्मरणात पहिला आकडा राहतो. शुद्धिपत्राची ‘अशुद्ध, मग शुद्ध’ ही जुनी मांडणी येथे उलटी करावी लागली. कारखान्यातून आल्यावर न उघडलेल्या इंजिनांविषयीचे वाक्य नसते तर ऐन हंगामात शेकडो लोकांनी निष्कारण चांगली इंजिने खोलली असती, आणि खोलताना नव्या चुका झाल्या असत्या. पावतीची अट काढली, कारण ज्याने इंजिन दुसऱ्याकडून जुने घेतले त्याच्यापाशी पावती नसते, बोल्ट मात्र तेच असतात.

चिकटवायची चिठ्ठी तक्त्यातील एका ओळीच्या मापाची न करता सबंध तक्त्याच्या मापाची केली, आणि तिच्यात काढून टाकलेला रकाना परत घातला. एका आकड्याचे टिचभर ठिगळ तेलकट बोटांनी महिन्याभरात निघून येते आणि त्याखालचा १९ पुन्हा वर डोकावतो. सबंध तक्ता झाकला म्हणजे खालचा कागद दिसण्याचा संभव उरत नाही. चिठ्ठीतील प्रत्येक आकडा या वेळी मी आणि ते फिटर समोरासमोर बसून, एकाने वाचून व दुसऱ्याने बोट ठेवून, दोनदा ताडून पाहिला. दुसऱ्या खेपेस आम्ही वाचणारा आणि ऐकणारा यांची अदलाबदल केली.

विक्रेत्यांमार्फत, दुरुस्तीच्या दुकानांतून आणि गिऱ्हाइकांच्या नोंदवहीतील पत्त्यांवर सूचना गेली, तरी सर्वांपर्यंत ती पोचणार नाही हे उघड होते. पुस्तके हातोहात फिरतात, त्यांची पाने फाटून दुकानाच्या भिंतीवर लागतात, आणि भिंतीवरच्या पानाला टपाल जात नाही. यावर तोडगा तासगावच्या त्याच मिस्त्रीने काढला. नवे बोल्ट घेण्यासाठी आला असता तो म्हणाला, “रॉड उघडणारा माणूस एक ना एक दिवस बोल्ट विकत घेणारच. कागद बोल्टाच्या पुडीतच घाला की.” तेव्हापासून त्या बोल्टांच्या प्रत्येक पुडीत हिशेबाच्या पावतीएवढी एक चिठ्ठी घातली जाऊ लागली, आणि तिच्यावर ठळक टायपात एवढेच असे: ११, अक्षरी अकरा.